पैठणी १,८९९ रुपयांत? आधी हिशेब, मग फोटो

बहिणीच्या साखरपुड्याच्या आधी रात्री अकरा वाजता मोबाइलवर ती जाहिरात आली. मोरपिशी रंग, पदरावर मुनिया, खाली ओळ : "शुद्ध रेशीम, हातमाग, थेट येवल्याच्या विणकराकडून." १४,९९९ ही किंमत काट मारून शेजारी १,८९९. फोटो अकरा. मी तासभर ते फोटो मोठे करकरून पाहिले. जरीची वीण दिसत होती, पदराचं काम सुबक होतं, कुठेही खोट सापडली नाही. पैसे भरले.

आठ दिवसांनी आली ती पॉलिस्टरची साडी होती, आणि पदरावरची मुनिया विणलेली नव्हती, छापलेली होती.

नंतर कळलं की फोटो अगदी खरे होते. ते दुसऱ्याच एका दुकानातल्या खऱ्या पैठणीचे होते. मी तासभर जे तपासत बसले, ते फोटोतली साडी खरी आहे का. विचारायला हवं होतं, या किमतीत ती साडी मला मिळू शकते का. पहिल्यांदाच ऑनलाइन पैठणी घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी आता ज्या क्रमाने पाहते त्याच क्रमाने लिहिते आहे. हा क्रम उलटा केला की फोटो डोळ्यांवर पट्टी बांधतात.

हाताशी काय ठेवायचं

- जाहिरातीच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट. त्यात किंमत आणि "शुद्ध रेशीम", "हातमाग" असे शब्द दोन्ही दिसायला हवेत
- विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि असल्यास जीएसटी क्रमांक
- फोटो शोधण्यासाठी गूगल लेन्स
- कागद-पेन
- साडी आल्यावर : स्वयंपाकघरातला वजनकाटा, काडेपेटी, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला दुसरा माणूस

१. काट मारलेली किंमत विसरून जा

१४,९९९ हा आकडा कोणी ठरवला? विक्रेत्यानेच. साडीवर छापील किंमत चिकटवणंही त्याच्याच हातात असतं. त्यामुळे "८७ टक्के सूट" या शब्दांतून साडीबद्दल काहीच कळत नाही. सूट किती हे पाहूच नका. खिशातून किती जाणार, तेवढा एकच आकडा कागदावर लिहा. माझ्या बाबतीत १,८९९.

२. साडी निदान कितीला पडत असेल, ते काढा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांचं आहे, आणि सगळा लेख त्यावरच उभा आहे.

सुती बुट्टीची नव्हे, अस्सल रेशमी पैठणी धरा. नेहमीच्या सहावारी पैठणीचं वजन जरीसकट साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम भरतं. आपण हात आखडून हिशेब करू, म्हणजे विक्रेत्यावर अन्याय नको. समजा, त्यात नुसतं रेशीम पाचशे ग्रॅम आहे. कच्च्या रेशमावर एक नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढावा लागतो, आणि त्यात वजन पाव हिश्शाच्या आसपास घटतं. म्हणजे पाचशे ग्रॅम तयार रेशमासाठी साडेसहाशे ग्रॅमच्या जवळपास कच्चं रेशीम लागतं. मलबेरी रेशमाचा भाव वर-खाली होत राहतो. किलोला साडेचार हजार धरले तर नुसतं रेशीम २,९०० रुपयांच्या घरात गेलं. अजून रंगणावळ नाही, जरीचा धागा नाही, मजुरी नाही.

आता मजुरी. पैठणीचा पदर एका धोट्याने सरळ विणून होत नाही. प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी छोटी कांडी असते, आणि विणकर ओळीओळीने त्या कांड्या ताण्याच्या उभ्या धाग्यांतून हाताने फिरवतो. एका रंगाचा धागा संपतो तिथे दुसऱ्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरतो. म्हणूनच पदराला वेळ लागतो. अगदी साध्या, छोट्या पदराच्या साडीला आठ दिवस धरा (भरगच्च पदराला महिने जातात) आणि रोजचे फक्त पाचशे रुपये. झाले चार हजार.

२,९०० आणि ४,००० मिळून ६,९००. जरीचा धागा, रंग, दुकानदाराचा नफा, कुरिअर हे सगळं शून्य धरूनसुद्धा. माझी मावशी येवल्याची आहे. तिला हा हिशेब दाखवला तर ती हसली आणि म्हणाली, "पाचशे रुपये रोजावर कोण बसतंय गं मागावर?" म्हणजे खरा आकडा याहून वरच.

भाव बदलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. रेशमाचा त्या वेळचा भाव घ्या आणि हिशेब पुन्हा मांडा.

३. मग ठरवा, फोटोला किती किंमत द्यायची

या हिशेबातून दोन रेघा मिळतात. एक, नुसत्या रेशमाची : सुमारे २,९००. दुसरी, रेशीम आणि मजुरीची : सुमारे ७,०००.

मागितलेली किंमत पहिल्या रेघेच्याही खाली असेल तर फोटो उघडूच नका. रेशमाच्या भावाच्या खाली कोणी हातमागाची रेशमी साडी विकत नाही, फोटो अकरा असोत की एकशे अकरा. १,८९९ इथेच बाद होते. "स्टॉक क्लिअरन्स", "दुकान बंद करतोय", "निर्यातीची ऑर्डर रद्द झाली" ही कारणंही इथे चालत नाहीत. बुडणारा दुकानदारसुद्धा माल निदान शेजारच्या दुकानदाराला तरी विकेल. शेजारी त्याला यापेक्षा जास्तच देईल.

किंमत दोन रेघांच्या मधे असेल, तर ती शक्य आहे, पण त्याला कारण हवं. एकदा नेसलेली साडी, डाग, विणीतली चूक, फिकटलेला रंग. कारण सांगितलेलं असेल तर फोटोत ते कारण दिसलं पाहिजे. फोटोचं खरं काम इथेच आहे.

किंमत वरच्या रेघेच्याही वर असेल, तर किमतीचा संशय संपला. फसवणूक मात्र होऊ शकते, कारण यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने विकणारे भरपूर आहेत. पुढच्या पायऱ्या त्यांच्यासाठीही लागू.

एक खुलासा इथेच करते. दीड-दोन हजारांची प्रत्येक "पैठणी" म्हणजे फसवणूक नव्हे. यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची सेमी पैठणी त्याच भावात मिळते, आणि "सेमी" असं लिहून विकली तर तो सरळ व्यवहार आहे. माझ्या वहिनींकडे तशा तीन आहेत, आणि त्या झकास दिसतात. तक्रार आहे ती सेमीच्या किमतीसमोर लावलेल्या खऱ्या पैठणीच्या फोटोबद्दल.

४. फोटो कोणाचा आहे ते पाहा

फोटोवर बोट दाबून ठेवा, गूगल लेन्समध्ये शोधा. तोच फोटो पाच ठिकाणी, पाच वेगवेगळ्या नावांनी आणि किमतींनी आला, तर एक नक्की कळलं : हा फोटो विक्रेत्याच्या हातातल्या साडीचा नाही.

इथे नवखी माणसं दोन चुका करतात. पहिली, फोटो दुसरीकडे सापडला की लगेच "चोर" ठरवणं. साड्यांच्या धंद्यात घरबसल्या विकणाऱ्या कितीतरी बायका विणकराने किंवा घाऊक व्यापाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटोच पुढे टाकतात. त्या प्रामाणिक असू शकतात. फक्त साडी त्यांनी स्वतःही पाहिलेली नसते. दुसरी चूक उलटी : लेन्सला काहीच सापडलं नाही म्हणून निर्धास्त होणं. फोटो कापून, आरशासारखा उलटा करून किंवा रंग बदलून टाकला की शोध चुकू शकतो. व्हिडिओतून घेतलेला स्क्रीनशॉट तर बऱ्याचदा सापडत नाही.

फोटोच्या फाइलमधली तारीख आणि जागा तपासा, असंही कुणीतरी सुचवेल. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून गेलेली असते. वेळ घालवू नका.

५. तुम्हाला हवा तो फोटो मागा

जाहिरातीतले फोटो विक्रेत्याने निवडलेले असतात. तुम्ही निवडलेला फोटो तो देऊ शकतो का, हे पाहायचं. मी दोनच गोष्टी मागते.

एक : पदराची मागची बाजू, एका मोराएवढ्या भागाचा जवळून फोटो. हातमागावर कांड्यांनी विणलेला पदर मागून जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. मोर मागेही मोरच असतो, फक्त तोंड दुसरीकडे. यंत्रमागावरच्या पदरात मागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत मोकळे धागे लोंबत गेलेले दिसतात, किंवा ते कापून टाकल्यामुळे मागची बाजू केसाळ दिसते. छापील असेल तर मागे नक्षी फिकट किंवा नाहीशी. माझ्या पहिल्या साडीचे अकरा फोटो पुढून होते. मागचा एकही नव्हता, आणि मला ते सुचलंही नाही.

फक्त पदरच पाहा. काठाच्या मागे मोकळे धागे दिसले म्हणून साडी खोटी ठरवू नका. हातमागावरही काठासाठी जॅकार्ड हे नक्षीचं यंत्र लावतात.

दोन : पदरावर काहीतरी ठेवून काढलेला फोटो. तारीख लिहिलेली चिठ्ठी लोक मागतात, पण चिठ्ठी फोटोवर नंतरही चिकटवता येते. मी चमचा मागते. "पदराच्या उजव्या कोपऱ्यातल्या मुनियावर चमचा आडवा ठेवून एक फोटो पाठवाल का?" विचित्र वाटेल, वाटू दे. चमच्याची सावली रेशमावर पडते, त्याच्या वजनाने कापड किंचित दबतं, आणि मुनिया केवढी आहे हेही कळतं. साडी हातात असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर उत्तरं ठरलेली येतात : "साडी गोडाउनला आहे", "आजच बुक करा, शेवटचाच पीस आहे", "आमच्यावर विश्वास नाही का?"

आणि एक विरोधाभास लक्षात ठेवा. ट्यूबलाइटखाली पलंगावर टाकून काढलेला, कोपऱ्यात पंख्याचं पातं आलेला बेंगरूळ फोटो माझ्या लेखी मॉडेलच्या फोटोपेक्षा वजनदार असतो.

६. फोटोतून रेशीम ओळखता येत नाही

वीण फोटोतून बऱ्यापैकी कळते. धागा रेशमाचा की पॉलिस्टरचा, हे मात्र नाही. चांगला कृत्रिम धागा फोटोत रेशमापेक्षाही जास्त चमकतो. धूपछाव रंग व्हिडिओत हलताना दिसला तरी त्याने रेशीम सिद्ध होत नाही. उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कुठल्याही धाग्याचं कापड तसं दिसतं.

म्हणून विक्रेते सिल्क मार्कच्या लेबलचा फोटो दाखवतात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेली ती खूण खरीच उपयोगी आहे, पण तिच्या फोटोत दोन पळवाटा आहेत. ते लेबल त्याच साडीला अडकवलेलं आहे हे फोटोत दिसलं पाहिजे, नुसतं लेबल नव्हे. आणि सिल्क मार्क धागा शुद्ध रेशमाचा असल्याची हमी देतो, साडी हातमागावर विणल्याची नाही. यंत्रमागावरच्या रेशमी साडीलाही तो रीतसर मिळू शकतो. हातमागासाठी हँडलूम मार्क ही वेगळी खूण आहे.

७. गिऱ्हाइकांचे फोटो

अभिप्रायात ग्राहकांनी टाकलेले फोटो दिसले की धीर येतो. बघताना इतकंच पाहा : ते याच साडीचे आहेत का? जुन्या पानावरचा माल बदलायचा आणि चांगले अभिप्राय तसेच ठेवायचे, ही चाल आहे. साडीच्या पानावर "कुर्ती छान बसली" असं वाचायला मिळतं ते त्यामुळेच. आणि एकाच फरशीवर, एकाच पडद्यासमोर चार वेगवेगळ्या "ग्राहकांचे" फोटो असतील, तर ते घर कोणाचं ते तुम्हीच ओळखा. एका चांदणीचे अभिप्राय आधी वाचा. आलेल्या साडीचा खरा फोटो सहसा तिथे सापडतो.

८. पत्ता आणि पैसे

"थेट येवल्याहून" म्हणणाऱ्याचा जीएसटी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे पाहा. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४. `services.gst.gov.in` वर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव आणि ठिकाण दिसतं. २४ असणं हा गुन्हा नाही, पण मग येवल्याची गोष्ट कशाला सांगितली? लहान विणकराकडे क्रमांक नसूही शकतो. त्याला त्यावरून बाद करू नका.

यूपीआयने पैसे पाठवताना समोर खातेदाराचं नाव येतं. ते दुकानाच्या किंवा बोलणाऱ्या माणसाच्या नावाशी जुळतं का ते पाहून मगच पिन टाका. "घरपोच आल्यावर पैसे द्या" ही सोयही वाटते तितकी सुरक्षित नाही. पैसे आधी द्यावे लागतात, पार्सल नंतर उघडतं.

एक व्यवहार, सुरुवातीपासून

यंदा वहिनींच्या डोहाळजेवणासाठी मला हिरवी पैठणी हवी होती. वापरलेल्या वस्तूंच्या एका साइटवर नाशिकच्या एका बाईंची जाहिरात दिसली : "एकदाच नेसलेली, ५,८००." काट मारलेली किंमत नाही. फोटो तीन, तिन्ही पलंगावरचे, वाईट उजेडातले.

हिशेब : ५,८०० ही किंमत दोन रेघांच्या मधली. कारण हवं होतं, आणि ते दिलेलं होतं, नेसलेली साडी. मग फोटोत वापराच्या खुणा दिसायला हव्यात. दिसल्या. घडीवरच्या रेषा होत्या, फॉल लावलेला होता आणि तो एका ठिकाणी उसवलेला होता. लेन्सवर काहीच सापडलं नाही, त्याला मी महत्त्व दिलं नाही.

मी पदराची मागची बाजू आणि चमचा मागितला. बाईंनी आधी विचारलं, "चमचा कशाला हो ताई?" कारण सांगितल्यावर हसल्या, आणि अर्ध्या तासात फोटो आले. मागेही मोर स्वच्छ दिसत होता, धागे लोंबत नव्हते. दोन मोरांच्या माना थोड्या वेगळ्या होत्या, हाताच्या कामात होतात तशा. त्यासोबत एक न मागितलेला फोटोही होता : निऱ्यांच्या जागी हळदीचा पुसट डाग. "आधीच दाखवते, नंतर कटकट नको," असा निरोप होता. माझ्या मते त्या सगळ्या व्यवहारातला तो सगळ्यात भक्कम पुरावा. फसवणारा माणूस आपल्या मालाचा डाग आपणहून दाखवत नाही.

रेशमाचा प्रश्न मात्र उरलाच होता. फोटोने तो सुटणार नव्हता, म्हणून मी पैसे पाठवले नाहीत. मावशीला येवल्याहून नाशिकला जायचंच होतं, ती साडी बघायला गेली. पदराच्या टोकाच्या गोंड्यातला एक धागा बाईंच्या परवानगीने काढून तिने जाळला. केस जळल्याचा वास आला, आणि राख बोटांत चुरगळली. पॉलिस्टर असतं तर धागा वितळून टोकाला कडक मणी झाला असता. डागासाठी तीनशे कमी करून साडी ५,५०० ला घेतली.

मावशी नसती तर? तर मी ती घेतली नसती, किंवा कुरिअरने आल्यावर परत करता येईल अशाच ठिकाणाहून घेतली असती.

९. पार्सल आल्यावर

सील न तोडलेल्या पार्सलवरचा पत्ता दिसेल तिथून व्हिडिओ सुरू करा, आणि पदराची मागची बाजू दाखवेपर्यंत तो थांबवू नका. मधे तोडलेला व्हिडिओ विक्रेता मानत नाही. साडीचं वजन करा. "भरजरी शुद्ध रेशीम" साडेतीनशे ग्रॅम भरली तर दुसऱ्या पायरीवरच्या हिशेबाकडे परत जा. मग गोंड्यातला एकच धागा जाळा, तोही साडीपासून लांब, ताटलीत. जरीचा धागा जाळून रेशमाचा निकाल लावू नका. ताणा आणि बाणा दोन्हींचे धागे मिळाले तर उत्तम, कारण एक रेशमी आणि दुसरा कृत्रिम अशीही साडी असते.

वेगळीच साडी निघाली तर आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, सोबत तो पहिला स्क्रीनशॉट जोडा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. साइटच गायब झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करा, आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. तिथे तासातासाने फरक पडतो, कारण पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

घरातली एकदाच नेसलेली साडी विकणाऱ्या खासगी माणसाला मात्र हे ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत. म्हणूनच नाशिकच्या साडीचे पैसे मावशीने धागा जाळून झाल्यावर दिले. माझी १,८९९ वाली अजून कपाटात आहे. विक्रेत्याने परतीचा पत्ताच दिला नाही, आणि माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट नव्हता.